काजू युनिटच्या माळ्याचा सांगाडा: प्रायमर किती, रंग किती

6 नोव्हेंबर 2024, बुधवार

दिवाळीची सुट्टी संपवून सगळे हजर. कुडाळच्या काजू युनिटचा माळा कटिंगला सुट्टीआधीच लागला होता, आता वेल्डिंग निम्म्यावर आलंय. आकार 18 मीटर बाय 8 मीटर. खाली तीन ओळींत बारा खांब, त्यांवर लांबीच्या दिशेने तीन मुख्य बीम आणि बीमांवर आडवे चॅनेल, दर मीटरला एक. त्यावर सिमेंट फायबर बोर्ड येणार, पण ते काम दुसऱ्याकडे आहे. आपल्याकडे लोखंड आणि रंग.

रंगारी मामा सकाळीच हिशोब घेऊन आले. "साहेब, साडेसहा टन माल. टनाला 25 चौरस मीटर धरा, झाले एकशे चौसष्ट. लिटरला सात मीटर जातोय, म्हणजे तेवीस-चोवीस लिटर. वर तीस टक्के वाया. 20 लिटरचे दोन संच मागवा, दहा लिटर उरतील."

मालकांनी लगेच दुकानात फोन करून 40 लिटर सांगून टाकलं. मामांचा हात चांगला आहे आणि त्यांचा 25 चा आकडाही हवेतून आलेला नाही. गेल्या वर्षी क्रेनच्या गॅन्ट्रीच्या कामात तो पुरून उरला होता. मला शंका एवढीच की त्या कामात सगळे जाड बीम होते आणि या कामातला मोठा वाटा चॅनेलचा आहे. उद्या सेक्शनवार मोजून बघतो.

7 नोव्हेंबर, गुरुवार

आज ड्रॉइंग घेऊन बसलो. ड्राफ्ट्समनला लांब्या काढायला सांगितल्या आणि दर मीटरचं क्षेत्रफळ मी काढलं.

स्टील टेबलच्या काही प्रतींत हा रकाना छापलेला असतो. आमच्या प्रतीचं नेमकं ते पान गायब आहे. पण त्यावाचून अडत नाही, कारण सेक्शन कापल्यावर जी कड दिसते तिचा घेर मीटरमध्ये मोजला की तेच दर मीटर लांबीचं क्षेत्रफळ. आय सेक्शनभोवती बोट फिरवून बघायचं. फ्लँज म्हणजे वरची आणि खालची आडवी पट्टी, वेब म्हणजे त्यांना जोडणारी मधली उभी. वरच्या आणि खालच्या फ्लँजची बाहेरची बाजू पूर्ण रुंदीची. आतल्या बाजूला दोन्ही फ्लँजमधून वेबची जाडी वजा होते. वेबच्या दोन बाजू फ्लँजच्या जाडीइतक्या कमी भरतात, पण फ्लँजच्या चार कडा तेवढीच भर परत घालतात. म्हणून फ्लँजची जाडी सूत्रातून गळून जाते आणि उरतं ते एवढंच:

```
P = 2h + 4b - 2tw
```

h म्हणजे उंची, b फ्लँजची रुंदी, tw वेबची जाडी. चॅनेललाही हेच सूत्र चालतं, घेर मोजून खात्री करून घेतली. अँगलला तर दोन्ही पायांच्या बेरजेची दुप्पट केली की झालं, तिथेही जाडी गळते. वेब आणि फ्लँज जुळतात तिथल्या गोलाईमुळे खरा घेर दोनेक टक्के कमी असतो. तो मी सोडून दिला. चूक जादा धरण्याच्या बाजूला आहे, आणि वेल्डच्या माळा व नटबोल्ट यांचं क्षेत्रफळ तरी आपण कुठे मोजतोय?

बीम आयएसएमबी 300 या आय सेक्शनचे: उंची 300, फ्लँज 140, वेब 7.5 मि.मी. घेर 600 + 560 − 15 = 1145 मि.मी., म्हणजे मीटरला 1.145 चौरस मीटर. तीन बीम, प्रत्येकी 18 मीटर, एकूण 54 मीटर. क्षेत्रफळ 61.8.

खांब आयएसएमबी 200 चे, मीटरला 0.789. बारा खांब, प्रत्येकी 3.6 मीटर, एकूण 43.2 मीटर. क्षेत्रफळ 34.1.

चॅनेल आयएसएमसी 150, मीटरला 0.589. एकोणीस नग, प्रत्येकी 8 मीटर, एकूण 152 मीटर. क्षेत्रफळ 89.5. जवळपास निम्मा सांगाडा इथेच आहे.

ब्रेसिंगचा अँगल 65 × 65 × 6, मीटरला 0.26, लांबी 60 मीटर. क्षेत्रफळ 15.6.

बेस प्लेट, क्लीट आणि गसेट मिळून 240 किलो. यांचा एकेक तुकडा मोजत बसलो नाही. सरासरी 10 मि.मी. जाडी धरली तर दोन्ही बाजू मिळून टनाला साडेपंचवीस चौरस मीटर पडतात, म्हणजे 6.1.

बेरीज 207.1 चौरस मीटर. मामांचे 164. मधला फरक 43 चौरस मीटरचा, म्हणजे खऱ्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाने ते कमी पडतात.

दुपारी चहाला मामांना हे दाखवलं तर ते म्हणाले, "वजन तर तेच आहे की." म्हणून त्यांच्यासाठी वेगळं मांडून दाखवलं. एका टन प्लेटला दोन्ही बाजूंनी किती क्षेत्रफळ, तर 255 ला मिलिमीटरमधल्या जाडीने भागायचं. 10 मि.मी. प्लेट असेल तर 25.5 येतात, 6 मि.मी. असेल तर 42.5. सेक्शनचंही तसंच, फक्त जाडी सरासरी धरायची. गॅन्ट्रीत आयएसएमबी 450 होता, तो मीटरला 72.4 किलो भरतो आणि टनाला जेमतेम साडेवीस चौरस मीटर देतो. इथला आयएसएमबी 300 टनाला 26 देतो, आयएसएमसी 150 सुमारे 36 देतो, तर अँगल जवळपास 45. तेच वजन पातळ लाटलं की पोळी मोठी होते. पोळीचं उदाहरण मामांना पटलं, 255 चं नाही.

9 नोव्हेंबर, शनिवार

क्षेत्रफळ हातात आलं, आता लिटर.

दुकानातून तिन्ही रंगांचे डेटा शीट आले. पद्धत अशी ठरली आहे: ग्रिट ब्लास्टिंग, म्हणजे दाबाने कण मारून लोखंड घासणं, Sa 2½ या सफाईच्या दर्जापर्यंत, मग इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर 75 मायक्रॉन, त्यावर अभ्रकासारख्या लोह ऑक्साइडचा इपॉक्सी एमआयओ 100 मायक्रॉन आणि शेवटी साइटवर पॉलियुरेथेन उर्फ पीयू फिनिश 50 मायक्रॉन. या सगळ्या जाड्या सुकल्यानंतरच्या.

शीटवर आधी बघायचा तो रकाना वॉल्यूम सॉलिड्स, म्हणजे शंभर लिटर ओल्या रंगातले किती लिटर सुकल्यावर लोखंडावर राहतात तो आकडा. आपल्या प्रायमरचा 55 टक्के आहे. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर ओतला तर ओला थर 1000 मायक्रॉनचा होईल आणि सुकल्यावर 550 चा. मग 75 मायक्रॉनचा थर लिटरला 550 भागिले 75, म्हणजे 7.33 चौरस मीटर जातो. मामांचे "लिटरला सात" इथूनच आलेत आणि ते बरोबर आहेत. पण ते गुळगुळीत पत्र्यावर.

ब्लास्टिंग केलेलं लोखंड गुळगुळीत नसतं. त्यावर डोंगर-दऱ्या उठतात आणि पहिला रंग दऱ्या भरण्यात जातो. डीएफटी गेज, म्हणजे सुक्या थराची जाडी मोजायचं यंत्र, गुळगुळीत पट्टीवर शून्य करून घेतलं तर ते दऱ्यांतल्या रंगाचाही काही भाग जाडीत मोजतं. म्हणून आयएसओ 19840 मध्ये मध्यम खरबडीत पृष्ठभागासाठी गेजच्या आकड्यातून 25 मायक्रॉन वजा करायला सांगितलेत. उलट बाजूने बघायचं तर शिखरांवर 75 हवे असतील तेव्हा गेजवर 100 दिसले पाहिजेत, आणि रंगही 100 चाच धरून मागवला पाहिजे. ही भर फक्त पहिल्या थराला. एमआयओच्या वेळी दऱ्या बुजलेल्या असतात.

```
L = A × (DFT + 25) / (10 × VS) / (1 - loss)
```

L म्हणजे लिटर, A क्षेत्रफळ, DFT सुका थर मायक्रॉनमध्ये, VS वॉल्यूम सॉलिड्सचा टक्का आणि loss वाया जाणारा हिस्सा. 207.1 गुणिले 100, भागिले 550. येतात 37.7 लिटर. हे एक थेंबही वाया गेला नाही तर.

आता वायाचं. मामा तीस टक्के म्हणतात, मलाही तेवढेच वाटतात. पण ते 37.7 ला 1.3 ने गुणतात आणि 49 लिटर काढतात. डब्यातल्या रंगापैकी तीस टक्के उडून जाणार असतील तर उरलेल्या सत्तर टक्क्यांत 37.7 बसले पाहिजेत, म्हणून भागायचं 0.7 ने. येतात 53.8. हा पाच लिटरचा फरक निव्वळ गुणाकार-भागाकाराचा आहे. वाया जाण्याचा आकडा मोठा होत जातो तसा हा फरक वेगाने वाढतो.

मालकांना सांगितलं की 40 पुरणार नाहीत, तिसरा संच मागवा, 60 होतील. ते म्हणाले, "उरला तर तुझ्या पगारातून." हसत म्हणाले, पण म्हणाले.

थिनरबद्दल ड्राफ्ट्समनने विचारलं की पाच टक्के थिनर घातला तर रंग कमी लागेल का? नाही. थिनर उडून जातो, सुकलेल्या थरात त्याचं काहीच राहत नाही. फरक पडतो तो ओल्या थराच्या मापात. 75 सुका थर मिळवायला थिनर न घालता ओला थर 136 मायक्रॉन हवा, पाच टक्के थिनर घातल्यावर 143. म्हणून फवारताना ओला थर मोजायचा कंगवा 140 ते 150 च्या दातापर्यंत भिजला पाहिजे, हे मामांच्या पोरांना भिंतीवर खडूने लिहून दिलंय.

13 नोव्हेंबर, बुधवार

पहिला लॉट: बीम, खांब आणि प्लेटा. क्षेत्रफळ 102 चौरस मीटर. सकाळी ब्लास्टिंग, तुलनेच्या पट्टीवर खरबडपणा मध्यम. गंज धरायच्या आत, दुपारीच प्रायमर.

आधी वेल्ड, कडा आणि बोल्टच्या भोकांवर ब्रशने एक हात मारून घेतला, कारण फवारलेला रंग कडेवरून ओसरतो आणि गंज सुरू होतो तो तिथूनच. मग एअरलेस गनने फवारणी.

बेस प्लेटच्या खालची बाजूही मारली. ती ग्राउटमध्ये जाणार आहे, पण तोवर महिनाभर उघड्यावर पडेल. साइटवर वेल्ड होणाऱ्या जागी मात्र दोन्ही बाजूंना 50 मि.मी. टेप लावून कोरं ठेवलं. बोल्ट साधे आहेत, घर्षणावर भार घेणारे नाहीत, त्यामुळे जोडाच्या तोंडांवर प्रायमर चालतो. घर्षणाचे असते तर ती तोंडं झाकावी लागली असती आणि क्षेत्रफळातूनही वजा करावी लागली असती.

एक पूर्ण संच आणि दुसऱ्यातून मापाने 6 लिटर कालवले, रंग आणि हार्डनर चारास एक. एकूण 26 लिटर गेले.

14 नोव्हेंबर, गुरुवार

दुसरा लॉट: चॅनेल आणि अँगल, 105.1 चौरस मीटर. क्षेत्रफळ जवळपास कालच्याइतकंच. 33 लिटर गेले.

मी शेडमध्येच होतो, त्यामुळे कारण डोळ्यांनी बघितलं. आयएसएमबी 300 समोर गन धरली की बहुतेक फवारा लोखंडावर बसतो. 65 च्या अँगलसमोर धरली की फवाऱ्याच्या पंख्याची रुंदी अँगलपेक्षा मोठी, म्हणून उरलेला पंखा मागच्या भिंतीवर. त्यात उकडतंय म्हणून कुणीतरी पश्चिमेचं शटर उघडं ठेवलं होतं. वारा आत आला आणि करड्या रंगाचं धुकं माझ्या चष्म्यावर बसलं. शटर बंद करायला लावलं, तोवर निम्मे चॅनेल झाले होते.

60 पैकी 59 लिटर संपले. मामा काही बोलले नाहीत. तंबाखू मळत डब्याच्या तळाकडे बघत राहिले. 40 लिटरच असते तर 14 लिटर चॅनेलवर संपून उरलेले चॅनेल आणि सगळे अँगल ब्लास्ट केलेल्या अवस्थेत रात्रभर राहिले असते, आणि सकाळी त्यांच्यावर तांबूस झाक दिसली असती. मग पुन्हा ब्लास्टिंग.

16 नोव्हेंबर, शनिवार

गेज फिरवलं. पहिल्या लॉटची सरासरी 105, दुसऱ्याची 110. दोन्हींतून 25 वजा केले तर 80 आणि 85. हवे होते 75. ठीक.

आता खरं किती वाया गेलं ते काढता येतं, कारण लोखंडावर किती बसलं हे गेजने सांगितलं आणि किती गेलं हे डब्याने. पहिला लॉट: 102 गुणिले 105 भागिले 550, म्हणजे 19.5 लिटर लोखंडावर. गेले 26. वाया 25 टक्के. दुसरा लॉट: 105.1 गुणिले 110 भागिले 550, म्हणजे 21 लिटर लोखंडावर. गेले 33. वाया 36 टक्के.

दोन्हींची सरासरी माझ्या तीस टक्क्यांच्या जवळ येते, पण त्यावर खूश होण्यात अर्थ नाही. उद्या नुसत्या अँगलच्या ट्रस आल्या तर तीसवर मी तोंडावर पडेन. सेक्शन बारीक झाला की टनामागे क्षेत्रफळ वाढतं आणि वर वायाही जास्त जातं. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलतात, त्यामुळे वजनावरून काढलेला अंदाज हलक्या कामात दुप्पट फसतो.

माझ्या हिशोबाच्या शीटमध्ये वायाचा रकाना आता सेक्शनप्रमाणे वेगळा केलाय.

18 नोव्हेंबर, सोमवार

एमआयओचा हिशोब. वॉल्यूम सॉलिड्स 65, थर 100, म्हणजे लिटरला 6.5 चौरस मीटर. खरबडपणाची भर नाही.

पहिला लॉट 15.7 लिटर, भागिले 0.75, येतात 20.9. दुसरा लॉट 16.2, भागिले 0.64, येतात 25.3. मिळून 46.2. 20 चे दोन आणि 4 चे तीन संच मागवले, एकूण 52. तिसरा मोठा संच घेतला नाही, कारण फोडलेल्या मोठ्या डब्यातला उरलेला रंग घेणारा कुणी मिळत नाही. 4 लिटरचा बंद डबा दुकानदार परत घेतो.

बुधवारी विधानसभेचं मतदान, सुट्टी. गुरुवारी मारू.

21 नोव्हेंबर, गुरुवार

शटर बंद. चॅनेल आणि अँगल या वेळी एकमेकांना खेटून ओळीत मांडले, म्हणजे एकावरून सुटलेला पंखा शेजारच्यावर बसतो. ही मामांचीच कल्पना, आणि तिने काम केलं: दुसऱ्या लॉटला 24 लिटर, पहिल्याला 22. एकूण 46. एक 4 चा संच बंद राहिला, दुसऱ्या दिवशी परत.

10 डिसेंबर, मंगळवार, कुडाळ

सांगाडा उभा राहिला, बोर्ड बसले. आता फिनिश.

इथे क्षेत्रफळ 207 नाही. चॅनेलची वरची बाजू बोर्डाखाली गेली: 152 मीटर गुणिले 0.075, म्हणजे 11.4 चौरस मीटर. बेस प्लेटचे तळ ग्राउटवर बसले, 1.1. उरले 194.6, धरू 195. चॅनेल जिथे बीमवर टेकतात त्या 57 जागा मिळून पाऊण चौरस मीटरही होत नाहीत, त्या तशाच राहू दिल्या.

पीयूचं वॉल्यूम सॉलिड्स 50, थर 50, लिटरला 10 चौरस मीटर. म्हणजे 19.5 लिटर. खाली काजूची यंत्रं बसलीत, त्यामुळे फवारा नाही, ब्रश आणि रोलर. वाया 15 टक्के धरून 22.9. आणले 24. ब्रशने एका हातात 50 मायक्रॉन मारायला गेलं की उभ्या वेबवर रंग ओघळतो, म्हणून 25 चे दोन हात. लिटर तेवढेच, मजुरी मात्र दोनदा, आणि ती दरात धरायची राहून गेली होती.

सकाळी आठला मामांची पोरं ब्रश घेऊन तयार, आणि बीमच्या खालच्या फ्लँजवर दव. हाताने पुसलं तरी पाच मिनिटांत पुन्हा ओलं. लोखंडाचं तापमान दवबिंदूच्या वर किमान 3 अंश असावं लागतं, आणि पीयूचा हार्डनर तर ओलावा दिसला की बुडबुडे धरतो. दहा वाजेपर्यंत सगळे चहा पीत बसले. रंग लिटर-दोन लिटर करूनच कालवायला सांगितला, कारण कालवलेला रंग दुपारपर्यंत डब्यातच घट्ट होतो आणि तोही वायातच मोजावा लागतो.

12 डिसेंबर, गुरुवार

दुसरा हात सुकला. गेज सरासरी 54 ने वाढलं. 195 गुणिले 54 भागिले 500, म्हणजे 21.1 लिटर लोखंडावर. गेले 23.5. वाया दहा टक्के. ब्रशच्या कामाला शीटमध्ये 15 चे 10 करत नाही अजून, एकाच कामाचा आकडा आहे.

साइटवरच्या वेल्डच्या जागा मात्र माझ्याकडूनही सुटल्या होत्या. टेप लावून कोऱ्या ठेवलेल्या पट्ट्यांना इथे प्रायमर हवा होता आणि उरलेला एक लिटर आमच्या शिरोलीच्या शेडमध्येच राहिला. कुडाळमध्ये त्याच कंपनीचा 4 लिटरचा संच शोधून आणला, वापरला अर्धा लिटर. मालकांना बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय. अजून उत्तर नाही.